रील खरंच नव्या लोकांपर्यंत जाते का? फॉलोअर आणि फॉलो न करणाऱ्यांच्या आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातले चटणी-भाकरी विकणारे, चादर-टॉवेलचे दुकानदार, युनिफॉर्म शिवून देणारे, खानावळवाले असे अनेकजण इन्स्टाग्रामवर धंद्याचं पान चालवतात. त्यांच्याकडून एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत येत राहते: आकडा वाढतोय, पण ही माणसं नवी आहेत की आपलीच फिरून फिरून येतात? त्या शंकेभोवतीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं इन्स्टाग्रामपुरती आहेत. उदाहरणातलं दुकान आणि त्याचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमचे आकडे त्यांच्याशी जुळायला हवेत असं काही नाही.

रीच आणि व्ह्यूज यात फरक काय?

व्ह्यूज म्हणजे रील किंवा पोस्ट किती वेळा पाहिली गेली, आणि रीच म्हणजे ती किती वेगवेगळ्या अकाउंटपर्यंत पोहोचली. एका बाईंनी चटणीची रील चार वेळा पाहिली, तर व्ह्यूज चार होतात, रीच एकच राहतो. म्हणून "किती माणसं" हा प्रश्न असेल तेव्हा रीच बघायचा. इन्स्टाग्रामवर तो Accounts reached या नावाने दिसतो आणि तो अंदाजित आकडा असतो, त्यामुळे पाच-दहा अकाउंटच्या फरकावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने रील, फोटो, स्टोरी अशा सगळ्यांसाठी व्ह्यूज हाच मुख्य आकडा करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून इनसाइट्स, म्हणजे अॅपमधलं आकड्यांचं पान, उघडली की आधी व्ह्यूज दिसतात आणि रीच खाली शोधावा लागतो. गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

हे आकडे नेमके कुठे पाहायचे? माझ्या अकाउंटला दिसतच नाहीत.

तुमचं अकाउंट साधं, वैयक्तिक असेल तर ते दिसणार नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट प्रोफेशनल करावं लागतं. त्यात बिझनेस किंवा क्रिएटर यांपैकी एक निवडता येतं, पैसे लागत नाहीत.

मग प्रोफाइलवर Professional dashboard उघडा, त्यात Views वर जा. वर कालावधी निवडायची जागा आहे. त्याखाली एक गोल दिसतो, ज्यात Followers आणि Non-followers अशी टक्केवारी असते, आणि त्याच्याही खाली Accounts reached. एका रीलचे आकडे हवे असतील तर ती रील उघडून View insights दाबा. अॅप बदलत राहतं, बटणं इकडची तिकडे होतात, पण नावं साधारण हीच राहतात.

एक काळजी मात्र घ्या. तो गोल कशाचा आहे ते त्याच्यावरचं नाव वाचून ठरवा. Views च्या पानावर दिसणारी टक्केवारी व्ह्यूजची असते, माणसांची नव्हे.

माझ्या इनसाइट्समध्ये ७० टक्के Non-followers दिसतात. म्हणजे दहातली सात माणसं नवी आहेत ना?

नाही, आणि याला दोन वेगवेगळी कारणं आहेत.

पहिलं कारण वर आलंच: ती टक्केवारी व्ह्यूजची आहे. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या पन्नास जणांनी एखादी रील प्रत्येकी सहा वेळा पाहिली, तरी ते तीनशे व्ह्यूज होतात. ७० टक्के उचलून रीचच्या आकड्याला गुणलं तर उत्तर चुकतं, कारण फॉलोअर आणि बाहेरचे हे सारख्याच वेळा रील पाहत नाहीत.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. "फॉलो न करणारा" म्हणजे फक्त एवढंच की ते अकाउंट तुमच्या फॉलोअरच्या यादीत नाही. तो नवा आहे असं इन्स्टाग्राम म्हणतच नाही. दहा वर्षं तुमच्याकडून चटणी नेणाऱ्या काकू तुम्हाला फॉलो करत नसतील, तर त्याही याच डब्यात पडतात. शेजारचा दुकानदार रोज तुमचं पान बघत असेल, तोही इथेच. तुमची प्रत्येक रील पाहणारा, पण फॉलोचं बटण कधीच न दाबणारा मोठा वर्ग असतो. तो दर आठवड्याला Non-followers म्हणून मोजला जातो आणि दर आठवड्याला तो तोच असतो.

म्हणजे हा गोल तुमची रील तुमच्या यादीबाहेर जाते की नाही ते सांगतो. ती नव्या माणसांकडे जाते का, याचं उत्तर वेगळ्या हिशेबाने काढावं लागतं.

मग फॉलो न करणारी किमान किती माणसं आली हे तरी पक्कं कळेल का?

किमान आकडा कळतो, आणि तो एका वजाबाकीत येतो. महिनाभराचा Accounts reached घ्या आणि त्यातून महिन्याअखेरच्या फॉलोअरची संख्या वजा करा. तुमच्या प्रत्येक फॉलोअरने पान पाहिलं असं गृहीत धरलं, तरी उरलेली अकाउंट बाहेरचीच असणार.

समजा रीच ९,७०० आणि फॉलोअर २,४८०. तर किमान ७,२२० अकाउंट फॉलो न करणारी होती. प्रत्यक्षात सगळे फॉलोअर कधीच रील बघत नाहीत, त्यामुळे खरा आकडा याहून जास्त असतो, कमी नाही. रीच फॉलोअरच्या संख्येपेक्षा लहान असेल तर मात्र या वजाबाकीतून काही हाती लागत नाही. तेव्हा पुढच्या प्रश्नातली रीत वापरा.

ती माणसं दर आठवड्याला नवी असतात की तीच तीच, हे कसं ओळखायचं?

यासाठी रीचचा एक गुण कामाला येतो. निवडलेल्या कालावधीत एक अकाउंट एकदाच मोजलं जातं, मग त्याने तुमच्या कितीही पोस्ट पाहिलेल्या असोत. म्हणून सुरुवातीची तारीख तीच ठेवून कालावधी एकेका आठवड्याने वाढवत न्यायचा. आकडा जेवढा वाढेल तेवढीच अकाउंट त्या आठवड्यात पहिल्यांदा आली.

पानावर कालावधी निवडताना स्वतःच्या तारखा टाकायची सोय असते. १ ते ७ तारखेचा रीच लिहून घ्या. मग १ ते १४, १ ते २१ आणि १ ते २८. प्रत्येक वेळी सुरुवात १ तारखेचीच. आता दुसऱ्यातून पहिला वजा करा, तिसऱ्यातून दुसरा, चौथ्यातून तिसरा. वहीत चार ओळी होतात आणि त्या चार ओळींत महिन्याची खरी गोष्ट असते. हीच रीचची साखळी.

दर आठवड्याचे आकडे सुटे घेऊन बेरीज करू नका. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. चार आठवड्यांचा रीच प्रत्येकी ३,००० असेल तर बेरीज १२,००० येते, पण २८ दिवसांचा रीच ३,६०० निघू शकतो. म्हणजे तीच तीन हजार माणसं चार वेळा मोजली गेली आणि पुढच्या तीन आठवड्यांत फक्त ६०० जणांची भर पडली. सुट्या रीलच्या रीचची बेरीजही याच कारणाने चुकते.

स्वतःच्या तारखा टाकता येत नसतील तर तयार कालावधी वापरा: शेवटचे ७, १४ आणि ३० दिवस. इथे शेवटची तारीख एकच आहे, एवढाच फरक. ३० दिवसांच्या रीचमधून १४ दिवसांचा वजा केला की जी अकाउंट आधी आली होती पण गेल्या दोन आठवड्यांत दिसलीच नाहीत, ती मिळतात. हा फरक मोठा असेल तर माणसं येतात आणि जातात; लहान असेल तर तोच घोळका टिकून आहे.

या रीतीची मर्यादा माहीत असू द्या. ती "या महिन्यात पहिल्यांदा" एवढंच सांगते. दिवाळीत तुमचं पान पाहिलेला माणूस जानेवारीत पुन्हा आला तर तो या हिशेबात नवाच धरला जाईल. शिवाय पहिल्या आठवड्यात न दिसलेले तुमचे काही फॉलोअर दुसऱ्या आठवड्यात येतात, तेही वाढीत मिसळतात. म्हणून पहिल्या आठवड्यानंतरची शे-दोनशेची वाढ साधारण धरा आणि उडी कुठे आहे ते बघा.

एखादं पूर्ण उदाहरण सोडवून दाखवाल का?

शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकणारं एक दुकान घेऊ. १ जानेवारीला फॉलोअर २,४००. महिन्यात दोन रील महत्त्वाच्या. पहिली ९ जानेवारीची: उखळात शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट कुटताना जवळून घेतलेली, शेवटी चटणीला तेल सुटलेलं स्पष्ट दिसतं. दुसरी १४ जानेवारीच्या संध्याकाळची: सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आणि नंदीध्वजांची मिरवणूक, कोपऱ्यात दुकानाचं नाव.

वर सांगितल्याप्रमाणे १ जानेवारीपासून मोजलेला रीच असा निघाला: सात दिवसांचा ३,१००, चौदा दिवसांचा ३,९००, एकवीस दिवसांचा ९,२००, अठ्ठावीस दिवसांचा ९,७००. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात ८०० नवी अकाउंट, तिसऱ्यात ५,३००, चौथ्यात ५००.

तिसऱ्या आठवड्याची उडी गड्ड्याच्या रीलची आहे हे सांगायला नको. त्या रीलचे व्ह्यूज ९,४००, त्यातले ८८ टक्के Non-followers. माणसं नवी होती का? होती, यात शंका नाही. साखळी तेच सांगते. पण आता त्याच रीलच्या इनसाइट्समध्ये Follows बघा. रीच ५,९०० आणि फॉलो केलं १४ जणांनी. चटणीच्या रीलचा रीच १,१५०, Non-followers ४६ टक्केच, आणि फॉलो केलं २१ जणांनी.

दर हजार अकाउंटमागे हिशेब केला तर गड्ड्याच्या रीलला सुमारे अडीच फॉलो मिळाले आणि चटणीच्या रीलला अठरा. उलट हा हिशेब चटणीच्या रीलवर थोडा अन्यायच करतो, कारण तिच्या प्रेक्षकांत आधीच फॉलो करणारे बरेच होते आणि ते पुन्हा फॉलो करू शकत नाहीत. फक्त बाहेरच्यांवर भागलं तर तिचा आकडा आणखी वर जाईल.

चौथा आठवडा या सगळ्याचा पुरावा आहे. पाच हजारांहून जास्त नव्या अकाउंटनी पान पाहिल्यावरही पुढच्या आठवड्याची भर ५०० वर आली, म्हणजे गड्ड्याआधीच्या आठवड्याहूनही कमी. लोकांनी नंदीध्वज पाहिला, दुकान पाहिलं नाही. तो रस्ता गावाचा होता, दुकानाचा नव्हता.

याचा अर्थ गड्ड्याची रील टाकू नका असा मुळीच नाही. आपल्या गावची यात्रा आहे, मनापासून टाका. पण त्या आठवड्याच्या आकड्यावरून "आता पान चाललं" असं ठरवून पुढचे दोन महिने मिरवणुका आणि किल्ल्याची दृश्यं टाकत बसू नका. वहीत अशा आठवड्यासमोर "गड्डा" असं लिहून ठेवा आणि महिन्यांची तुलना करताना तो आठवडा वगळून बघा. आषाढीला पंढरपूरच्या वारीच्या रीललाही हेच लागू होतं.

Non-followers किती टक्के असले म्हणजे चांगलं?

असा ठरलेला आकडा नाही, आणि कोणी सांगितलाच तर तो तुमच्या पानाला लागू होईलच असं नाही. तीनशे फॉलोअर असलेल्या पानाची रील थोडीशी बाहेर गेली की टक्केवारी ९० वर जाते, कारण आतली माणसंच कमी आहेत. तीस हजार फॉलोअरच्या पानाला त्याच पसरण्यात ५० सुद्धा गाठता येत नाही.

प्रकारानेही फरक पडतो. स्टोरी मुख्यतः फॉलोअरनाच दिसते, तिथे Non-followers कमी असणारच आणि त्यात काही बिघडलेलं नाही. रील बाहेर पसरण्यासाठीच आहे. म्हणून स्टोरी, फोटो आणि रील यांची टक्केवारी एकाच रांगेत ठेवून तुलना करू नका. आपल्याच मागच्या दहा रील घ्या, त्यांचे आकडे लहान-मोठे क्रमाने लावा आणि पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या आसपास जो आकडा येतो तो तुमचा "नेहमीचा" धरा. सरासरी काढू नका. गड्ड्याची एक रील सगळी सरासरी वर ओढून नेते.

Non-followers ची टक्केवारी वाढली म्हणून खूश होतो, पण ऑर्डर घटल्या. असं कसं?

टक्केवारी दोन कारणांनी वाढते: बाहेरचे वाढले म्हणून, किंवा आतले घटले म्हणून. मागच्या महिन्यात ६,००० व्ह्यूजपैकी ३,००० फॉलोअरचे होते, म्हणजे निम्मे. या महिन्यात बाहेरचे तेच ३,००० राहिले आणि फॉलोअरचे १,००० वर आले. Non-followers आता ७५ टक्के दिसतात, पण बाहेरचा एकही माणूस वाढलेला नाही. उलट रोजचं गिऱ्हाईक पान बघेनासं झालं आहे, आणि ऑर्डर त्यांच्याच असतात.

म्हणून टक्केवारीचं नेहमी संख्येत रूपांतर करून दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहा. फॉलोअरची बाजू घसरत असेल तर आधी साधी कारणं तपासा: तुम्ही या महिन्यात स्टोरी कमी टाकल्या का, नेहमीच्या गिऱ्हाइकाला हवी ती माहिती, म्हणजे आज काय ताजं आहे, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे, ती बंद झाली का.

रील टाकल्यावर किती दिवसांनी आकडे लिहायचे?

आमचा सल्ला सातव्या दिवशी, आणि प्रत्येक रीलसाठी त्याच दिवशी. पहिल्या काही तासांत फॉलोअरचा वाटा जास्त दिसणं स्वाभाविक आहे, बाहेर पसरणं बऱ्याचदा नंतर होतं. एका रीलचा आकडा दुसऱ्या दिवशी आणि दुसरीचा विसाव्या दिवशी घेतला तर जुनी रील उगाच जास्त बाहेर गेलेली दिसते. एखादी रील तिसऱ्या आठवड्यात अचानक चालू लागते, तेव्हा तिची ओळ खोडू नका. शेजारी नवी तारीख घालून नवा आकडा लिहा.

बूस्ट केलेल्या पोस्टचे आकडे यात धरायचे का?

नवी माणसं आपोआप येतात का हे पाहायचं असेल तर धरू नका. पैसे देऊन दाखवलेली पोस्ट मुख्यतः फॉलो न करणाऱ्यांनाच दाखवली जाते, त्यामुळे गोल लगेच बदलतो. तुम्ही तो वाटा विकत घेतलेला असतो.

अडचण अशी की तो नंतर नीट वजाही करता येत नाही. एकाच अकाउंटने जाहिरातही पाहिलेली असते आणि फुकटात दिसलेली रीलही, म्हणून एकूण रीचमधून जाहिरातीचा रीच वजा केला तर अशी अकाउंट चुकून गळतात. सोपा मार्ग म्हणजे वर्षातले काही महिने बिनबूस्टचे ठेवायचे आणि रीचची साखळी त्याच महिन्यांत मांडायची. बूस्ट करायचंच असेल तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करा, पहिले तीन आठवडे स्वच्छ मिळतात.

सोलापूरच्या खाण्याच्या एका मोठ्या पानाबरोबर कोलॅब केलं. Non-followers एकदम वाढले. हे खरं धरायचं का?

माणसं खरी आहेत, पण ती त्या पानाने आणलेली आहेत. कोलॅबमध्ये एकच पोस्ट दोन्ही अकाउंटवर दिसते. त्या पानाचे जे फॉलोअर तुम्हाला फॉलो करत नाहीत, ते तुमच्या हिशेबात Non-followers ठरतात. त्यामुळे त्या रीलची टक्केवारी तुमच्या कामाबद्दल फारसं सांगत नाही.

खरी परीक्षा त्यानंतर एकट्याने टाकलेल्या दोन रीलची असते. कोलॅबनंतरच्या दोन आठवड्यांत त्यांचा रीच तुमच्या नेहमीच्या आकड्याहून वर आहे का ते बघा. त्याचबरोबर Followers च्या पानावर Follows आणि Unfollows वेगवेगळे तपासा. आधी ऐंशी जणांनी फॉलो केलं आणि पंधरा दिवसांत त्यातल्या साठ जणांइतकेच लोक सोडून गेले, तर उरलेले वीस हाच कोलॅबचा हिशेब. "फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा आणि चादर जिंका" अशा स्पर्धांनंतर हे हमखास होतं. बक्षीस जाहीर झालं की Unfollows ची रेघ वर जाते.

आमची खानावळ होटगी रोडला आहे. नवी माणसं येतात, पण ती सोलापूरची आहेत का हे कसं कळणार?

Followers च्या पानावर खाली फॉलोअरची शहरं दिसतात, त्यासाठी किमान शंभर फॉलोअर लागतात. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी सोलापूरचा वाटा लिहून ठेवा. फॉलोअर वाढले आणि सोलापूरचा वाटा घसरला, तर नवे लोक बाहेरगावचे आहेत.

ते वाईट की चांगलं हे धंद्यावर ठरतं. खानावळीला पुण्यातल्या सोलापूरकराने "आठवण आली" लिहिलं तर मन भरून येतं, पण दुपारचं ताट वाढत नाही. तेच चटणी कुरिअरने पाठवणाऱ्याला पुण्यातला सोलापूरकर म्हणजे सर्वांत चांगलं गिऱ्हाईक, कारण त्याला चव माहीत आहे आणि जवळ मिळत नाही.

कुरिअरने माल जात असेल तर याहून पक्का पुरावा तुमच्याकडे आहे: पत्त्यावरचा पिनकोड. सोलापूर शहराचे पिनकोड ४१३ ने सुरू होतात, पुणे शहराचे ४११ ने. फक्त ४१३ म्हणजे सोलापूरच असं समजू नका, लातूर आणि बारामतीचे पिनकोडही ४१३ नेच सुरू होतात. पूर्ण सहा आकडे बघा. ज्या आठवड्यात रीचची उडी दिसली, त्यानंतरच्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा ऑर्डर देणाऱ्यांचे पिनकोड वेगळे काढले की ती उडी कुठल्या गावात पडली ते कळतं.

आमचं गिऱ्हाईक पान फॉलो करतच नाही, व्हॉट्सअॅपवर लिंक आली की बघतं. मग हे सगळे आकडे निरुपयोगी का?

निरुपयोगी नाहीत, पण अशा पानांना Non-followers चा वाटा कायम फुगलेला दिसेल. सोसायटीच्या किंवा भिशीच्या ग्रुपवर लिंक फिरली की जुनंच गिऱ्हाईक बाहेरचं म्हणून मोजलं जातं. रीचची साखळी इथे जास्त उपयोगी पडते: तोच ग्रुप दर आठवड्याला बघत असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून भर जवळजवळ थांबते.

त्याच्या जोडीला गल्ल्यावर एक वही ठेवा. बिल करताना "आधी आला होतात का?" एवढंच विचारायचं, आणि "नाही" आलं तर "कुठे बघितलंत?" दोन रकाने, उभ्या रेघा मारायच्या. शनिवार-रविवार असे दोनच दिवस केलं तरी चालतं, मात्र दर आठवड्याला तेच दोन दिवस घ्या.

ट्रायल रील फक्त फॉलो न करणाऱ्यांनाच दाखवतात ना? मग नवी माणसं मोजायला तेच वापरू का?

डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ही सोय सुरुवातीला रील फक्त फॉलो न करणाऱ्यांना दाखवते, तुमच्या प्रोफाइलवर ती लगेच दिसत नाही. दोन सुरुवातींमधली कोणती चालते हे ताडून पाहायला ती फार चांगली आहे: तीच चटणी, एका रीलची सुरुवात उखळातल्या आवाजाने, दुसरीची भाकरीवर ठेवलेल्या चटणीने. दोन्ही एकाच आठवड्यात टाका आणि दर हजारी फॉलो तपासा.

पण ट्रायलमध्ये Non-followers चा वाटा मोठा असणारच, कारण सोयच तशी आहे. तो वाटा नेहमीच्या रीलशी तुलना करायला वापरू नका, आणि ट्रायल टाकलेला महिना साखळीत वेगळा लिहा. आणखी एक: ७२ तासांत चांगली चालली तर रील आपोआप सगळ्यांना दाखवायचा पर्याय असतो. तो चालू ठेवला असेल तर तिसऱ्या दिवसानंतर फॉलोअर मिसळायला लागतात, म्हणून ट्रायलचे आकडे ७२ तास पूर्ण व्हायच्या आत लिहून घ्या.

रील परराज्यात पसरली, कमेंट हिंदीत आणि तेलुगूत येतात. ही नवी माणसं धरायची का?

नवी आहेतच, प्रश्न त्यांना तुमच्याकडून काही घेता येतं का एवढाच आहे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे भाषेवरून बाहेरगावचा ठरवू नका. तेलुगूत लिहिणारी व्यक्ती तुमच्याच पेठेतली असू शकते. कमेंट करणाऱ्यांचे पाच-सहा प्रोफाइल उघडून बघा, तेवढ्यात अंदाज येतो. ट्रेंडिंग गाणं लावल्यामुळे पसरली असेल तर ते चटकन ओळखता येतं: कमेंट गाण्याबद्दल असतात, दर किंवा पत्ता विचारणारी जवळपास एकही नसते आणि त्या दिवसांत प्रोफाइलला भेट देणारे वाढलेले नसतात. अशी रील वहीत लिहा, शेजारी "गाणं" लिहा आणि गड्ड्याच्या आठवड्यासारखीच वेगळी ठेवा.